बसला काय करता येत नाही : मुलांच्या अॅनिमेशन मालिकेतील नियमांचे पान

अॅनिमेशन मालिकेचे काम सुरू होण्याआधी तिच्याविषयीचे सगळे निर्णय एका दस्तऐवजात लिहून ठेवतात. या व्यवसायात त्याला ‘बायबल’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार असतात. पहिला वाहिनीला मालिका विकण्यासाठी केलेला असतो : देखणी चित्रे, थोडा मजकूर, दहा-वीस पाने. दुसरा मालिका मंजूर झाल्यावर लेखक, चित्रकार आणि दिग्दर्शक यांच्या रोजच्या वापरासाठी असतो. त्यातले सर्वांत जास्त वाचले जाणारे पान म्हणजे मालिकेच्या जगाचे नियम आणि कायमची पात्रे यांचे. चित्रे बघून मालिका विकत घेतली जाते. पण सातव्या भागाचा लेखक अडतो तेव्हा तो हेच पान उघडतो.

त्याची गरज कामाच्या पद्धतीतून येते. लहान मुलांच्या मालिकेचा एक भाग पुष्कळदा 11 मिनिटांचा असतो आणि एका पर्वात असे 26 किंवा 52 भाग असतात. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर एका भागात 16,500 चौकटी होतात. संहिता लिहिल्यापासून भाग तयार होईपर्यंत कित्येक महिने जातात. त्यामुळे नवव्या भागाच्या लेखकाला तिसरा भाग पडद्यावर पाहायला मिळत नाही. दोघे एकाच वेळी लिहीत असतात. बस बोलते का, कोणाशी बोलते, आपणहून चालते का, याची उत्तरे कागदावर नसतील तर प्रत्येक लेखक आपापली बस लिहितो.

गावच्या बसवर मालिका करायची असे समजू. महाराष्ट्रात यासाठी सर्वांत सोयीची गाडी म्हणजे मुक्कामी एस.टी. ही गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे शाळेची मुले, दुधाचे कॅन, बाजाराच्या पाट्या आणि दवाखान्याला निघालेली माणसे घेऊन परत जाते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री देवळात, शाळेत किंवा गाडीतच झोपतात. मालिकेच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. दिवसाची सुरुवात आणि शेवट एकाच जागी होतात, म्हणजे प्रत्येक भागाला आयती चौकट मिळते. इथे नमुन्यादाखल कल्पिलेल्या मालिकेतील गाडीचे नाव बकुळा, गाव चाफेवाडी आणि तालुक्यापर्यंतचे अंतर 18 किलोमीटर.

नियमांच्या पानावर पहिला प्रश्न येतो चेहऱ्याचा. तो चित्रकाराचा वाटतो, पण त्यावर अर्धी मालिका ठरते. पिक्सारच्या 2006 सालच्या ‘कार्स’ या चित्रपटात गाड्यांचे डोळे पुढच्या काचेवर आहेत. काचेवर डोळे आले की काचेमागचा माणूस दिसू शकत नाही, आणि त्या चित्रपटाच्या जगात माणसे नाहीतच. ‘थॉमस अँड फ्रेंड्स’मधल्या वाफेच्या इंजिनांचा चेहरा पुढच्या गोल भागावर आहे, ड्रायव्हरची केबिन मागे मोकळी राहते, म्हणून तिथे माणसे आणि इंजिने एकत्र नांदतात. एस.टी.ची गोष्ट ड्रायव्हर-कंडक्टरशिवाय होऊच शकत नाही. म्हणून बकुळाचे डोळे हेडलाइटमध्ये आणि तोंड बंपरच्या वर, जाळीच्या जागी. पुढची काच पूर्ण मोकळी. गावाच्या नावाची पाटी तिच्या कपाळावर येते, हा वरकड फायदा.

दुसरा प्रश्न : ती कोणाशी बोलते? इथे तीन पर्याय असतात. सगळ्यांशी, फक्त मुलांशी, किंवा माणसे सोडून इतरांशी. पहिल्या पर्यायात बसला अडचण आली की ती ड्रायव्हरला सांगते आणि गोष्ट दोन मिनिटांत संपते. दुसरा पर्याय लोकप्रिय आहे, पण त्यात प्रत्येक भागात मुले निरोप्याचे काम करू लागतात आणि मोठी माणसे बावळट ठरतात. चाफेवाडीसाठी तिसरा पर्याय बरा. बकुळा इतर गाड्यांशी, पाटीवर बसणाऱ्या कावळ्याशी आणि टोपलीतल्या कोंबड्याशी बोलते. माणसांना फक्त इंजिनाचा आणि हॉर्नचा आवाज ऐकू येतो. प्रेक्षक मुलाला मात्र सगळे ऐकू येते. ड्रायव्हरला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, ही चार-पाच वर्षांच्या मुलासाठी फार मोठी गंमत असते.

यापुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि कच्च्या बायबलांत तोच गाळलेला असतो. बकुळा आपणहून किती हलू शकते? नियमांच्या पानावर तो असा लिहिलेला असेल : स्टिअरिंग, ब्रेक, गिअर आणि ॲक्सिलरेटर ड्रायव्हरचे. बकुळाला स्वतःच्या इच्छेने तीनच गोष्टी करता येतात. हॉर्न वाजवणे, दिवे लावणे आणि वायपर फिरवणे. यात ‘सहसा’, ‘शक्यतो’, ‘गरज पडल्यास’ असा एकही शब्द नाही. असा शब्द नियमात शिरला, की तिसऱ्या-चौथ्या भागात कोणीतरी लेखक त्यातून वाट काढतो, आणि एकदा आपणहून ब्रेक मारलेली बस पुढच्या भागात ब्रेक का मारत नाही, याचे उत्तर कोणाकडे नसते. मुले हा प्रश्न विचारतातच.

इंग्लंडमधले पाद्री विल्बर्ट ऑड्री यांना तो फार लवकर विचारला गेला. त्यांच्या इंजिनांच्या गोष्टींचे पहिले पुस्तक 1945 साली निघाले. पुस्तकांतल्या चित्रांत आणि मजकुरात मेळ नाही, हे वाचक मुलांनी पकडले आणि त्यांना प्रश्न येऊ लागले. ऑड्रींनी त्यावर उपाय म्हणून इंजिनांना एक पूर्ण बेटच दिले. आयल ऑफ मॅनच्या बिशपच्या धर्मप्रांताचे नाव ‘सोडोर अँड मॅन’ आहे; मॅन नावाचे बेट आहे, पण सोडोर नावाचे बेट नाही. ती रिकामी जागा त्यांनी घेतली आणि भाऊ जॉर्ज यांच्या मदतीने बेटाचा नकाशा, गावे, लोहमार्ग आणि इतिहास रचला. ही सगळी माहिती पुढे 1987 साली पुस्तकरूपाने छापली गेली. 1984 साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या पर्वात हेन्री नावाचे इंजिन जंगल पाहण्यासाठी वाटेतच थांबते, असा एक भाग आला, तेव्हा ऑड्रींनी हरकत घेतली. चालू मार्गावर गाडी अशी उभी करणे रेल्वेच्या सुरक्षानियमांत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हरकत किरकोळ वाटते, पण इंजिने बोलत असली तरी रेल्वे खरी आहे, हाच त्या जगाचा पाया होता.

चाफेवाडीलाही नकाशा लागतो. देवळाचा पार, वडाचा फाटा, ओढ्यावरची फरशी, शाळा आणि तालुक्याचे स्टँड, एवढे पाच थांबे पुरतात आणि त्यांचा क्रम कधी बदलत नाही. नकाशासोबत एक कमी परिचयाचा नियमही येतो, तो पडद्यावरच्या दिशेचा. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात, त्यामुळे बसचे दार डाव्या बाजूला आणि ड्रायव्हर उजवीकडे असतो. बस पडद्यावर डावीकडे जाताना दाखवली, तर तिची दाराची बाजू आपल्याकडे येते. उजवीकडे जाताना दाखवली, तर ड्रायव्हरची. चढणाऱ्या माणसांची गंमत सकाळी असते, म्हणून तालुक्याकडे जाणारी बकुळा नेहमी डावीकडे जाते आणि गावाकडे परतताना उजवीकडे. परतीचे प्रसंग मग बरेचसे बसच्या आत घडतात. हा नियम पाळला की बस गावातून निघाली आहे की परत येते आहे, हे मुलाला एका चित्रात कळते. मोडला तर संहिता उत्तम असूनही मूल गोंधळते, आणि कशाने गोंधळले हे संकलनाच्या टेबलावर बसलेल्यांनाही चटकन उमगत नाही.

काळाचा नियम साधा आहे : एक भाग म्हणजे एक दिवस, आणि दिवसाचे नुकसान रात्री मुक्कामाला येईपर्यंत भरून निघते. वाहिन्या भाग कोणत्याही क्रमाने दाखवतात. फरशी मोडली आणि तशीच राहिली, तर आधीच्या पंचवीस भागांतली फरशी खोटी ठरते.

धोक्याविषयीचे नियम मात्र इतक्या झटपट उरकता येत नाहीत. लहान मुले पडद्यावरचे अनुकरण करतात, म्हणून मुलांच्या वाहिन्या संहिता तपासताना सर्वांत आधी अनुकरण करता येईल अशी धोकादायक कृती शोधतात. एस.टी.च्या जगात अशा कृती भरपूर आहेत. दारात लटकणे, खिडकीतून डोके बाहेर काढणे, रुमाल टाकून जागा धरण्यासाठी चालत्या गाडीशी धावणे, सुटलेल्या गाडीमागे पळणे. यातल्या बऱ्याच गोष्टी मोठ्यांच्या आठवणींत गमतीच्या असल्या, तरी या मालिकेत त्या खलनायकाकडूनसुद्धा होत नाहीत. खलनायक मुळात नाहीच. पानावर लिहिलेले असते : दार उघडे असेल तर बस हलत नाही. मूल मागे राहिले तर ते जागचे हलत नाही आणि ओळखीच्या मोठ्या माणसाजवळ थांबते. फरशीवरून पाणी वाहत असेल, मग ते घोटाभर का असेना, तर बकुळा अलीकडेच थांबते. या शेवटच्या नियमाला विनोदाची सूट नाही. 2 ऑगस्ट 2016 रोजी महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकासमोर पाण्यातून सूं करत निघालेली हसरी बस दाखवणे हे अडाणीपणाचे ठरेल.

आता पात्रे. कच्च्या पानावर ती विशेषणांत लिहिलेली असतात : सुमी खोडकर, कंडक्टर कडक, आजी प्रेमळ. विशेषणावरून संवाद लिहिता येत नाही. अनुभवी लेखक पात्र तीन ओळींत मांडतो : त्याला रोज काय हवे असते, ते मिळवण्यासाठी तो नेहमी काय करतो, आणि त्यामुळे कोणाची अडचण होते.

बकुळाला कोणालाही मागे सोडवत नाही. गुणाजी मास्तर कंडक्टर आहेत आणि त्यांना गाडी वेळेवर हवी असते. उशिराची नोंद ते वहीत मिनिटासकट करतात. मालिकेचे इंजिन या दोन वाक्यांत आहे. बस थांबू पाहते, मास्तर निघू पाहतात, आणि दोघेही बरोबर असतात. ड्रायव्हर सखाभाऊ कमी बोलतात, घंटीशिवाय कोणाचे ऐकत नाहीत. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. सहा वर्षांची सुमी रोज काहीतरी विसरते, कारण तिचे लक्ष नेहमी दुसऱ्याच्या सामानात असते. गोदाआजी बाजाराला निघतात आणि त्यांच्या टोपलीत दररोज अशी एक वस्तू असते जी बसमध्ये मावत नाही किंवा गप्प बसत नाही. त्यांचा कोंबडा तुरेवाला स्वतःला गाडीचा मालक समजतो. तालुक्याच्या स्टँडवर राजस ही नवी वातानुकूलित बस उभी असते; ती बकुळाला हिणवते, पण चाफेवाडीचा रस्ता तिला झेपत नाही, आणि हे तिला ठाऊक आहे. फाट्यावरच्या टपरीचे रहमानचाचा प्रत्येकाचा निरोप ठेवून घेतात.

एवढी पात्रे पुरेत. यापेक्षा वाढवावीत असा मोह होतो, कारण गावात माणसे खूप. पण कायमच्या प्रत्येक पात्राचे सर्व बाजूंचे आराखडे, चेहऱ्याचे भाव, बोलताना होणारे ओठांचे आकार आणि हालचालीचा सांगाडा आधी तयार करावा लागतो. म्हणून पानाच्या तळाशी एक कोरडी ओळ असते : एका भागात बोलणारी पात्रे जास्तीत जास्त सहा, नवी जागा जास्तीत जास्त एक, बाकीचे प्रवासी खिडकीतून दिसणाऱ्या आकृत्या. आकडे निर्मितीच्या खर्चाप्रमाणे बदलतात. ओळ मात्र असावीच लागते.

पात्रे वेगळी झाली आहेत की नाही, हे एका चाचणीने कळते. सगळ्यांना एकाच प्रसंगात टाकायचे. फाट्यावर गाडी पंक्चर झाली. मास्तर घड्याळ पाहून वही काढतात. सखाभाऊ न बोलता जॅक काढतात. गोदाआजी टोपली उघडून सगळ्यांना बोरे वाटतात. सुमी जॅकने बस वर गेली की आकाश जवळ येते का, असे विचारते. बकुळा सगळ्यांची माफी मागते आणि ती कोणालाच ऐकू जात नाही. दोन पात्रांनी एकच गोष्ट केली असती, तर त्यातले एक काढून टाकावे लागले असते.

हे पान प्रत्यक्ष कसे राबते, ते एका भागावर पाहू. भागाचे नाव ‘दोन घंट्या’. कल्पना अशी : वडाच्या फाट्यावर गाडी उभी असताना तुरेवाला टोपलीतून सुटतो, छताजवळच्या दोरीला लोंबकळतो आणि दोनदा घंटी वाजते. सखाभाऊ गाडी काढतात. खाली पडलेला डबा उचलायला उतरलेली सुमी मागे राहते. पहिल्या मसुद्यात बकुळा घाबरून स्वतःच ब्रेक मारते. चौथ्या मिनिटाला गोष्ट संपते आणि नियमही मोडतो. दुसऱ्या मसुद्यात कावळा ड्रायव्हरच्या कानात सांगतो; तोही मार्ग बंद, कारण माणसांना कावळ्याचे बोलणे कळत नाही. आणखी एक अडचण निघते. दार उघडे असेल तर बस हलत नाही. मग दार लावले कोणी? कंडक्टरने लावले असेल, तर सुमी आत आलेली नाही हे त्यांना दिसायला हवे.

या अडचणीतूनच गोष्ट सुधारते. मास्तर खाली उतरलेले आहेत, टपरीवर औषधाची पुडी पोचवायला. गार वारा लागतो म्हणून गोदाआजी दार ओढून घेतात. त्याच क्षणी तुरेवाला दोरीला लोंबकळतो. गाडी सुटते आणि फाट्यावर सुमीबरोबर खुद्द मास्तरही उभे राहतात. धावायचे नाही, हा नियम आता मास्तरांनाही लागू होतो. सुमीला एकटे सोडावे लागत नाही, म्हणून प्रसंग भीतीचा न राहता विनोदी होतो. आयुष्यभर इतरांना उशिरासाठी बोलणारा माणूस टपरीच्या बाकावर हातात घड्याळ घेऊन बसलेला आहे आणि सहा वर्षांची मुलगी त्याला धीर देते आहे.

इकडे बकुळाकडे तीनच साधने. ती हॉर्न वाजवते. रस्त्यावर शेळ्या आल्या असतील असे समजून सखाभाऊ वेग कमी करतात, शेळ्या दिसत नाहीत, ते पुढे निघतात. ती दिवे लावते. लख्ख उन्हात ते कोणाला दिसत नाहीत. शेवटी ती वायपर फिरवते. कोरड्या काचेवर वायपर किंचाळतात. वायपर बिघडले म्हणून सखाभाऊ गाडी कडेला घेतात, ‘मास्तर’ अशी हाक मारतात आणि उत्तर येत नाही. पुढे वळायला जागा फरशीजवळच आहे, हे नकाशावर ठरलेले आहे. तिथून गाडी वळून परत येते. परत येताना ती पडद्यावर उजवीकडे जाते, म्हणजे बस उलटी निघाल्याचे मुलाला न सांगता कळते. दिवसाच्या शेवटी मास्तर वहीत उशीर लिहितात आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचे नाव घालतात.

नियमांचे पान नेहमी आधीच तयार असते असे नाही. ‘रोड रनर’ आणि कोयोटी यांच्या अमेरिकी व्यंगपटांसाठी पाळलेल्या नियमांची यादी दिग्दर्शक चक जोन्स यांनी प्रसिद्ध केली आहे. ते व्यंगपट लिहिणारे मायकल मॉल्टीज यांनी मात्र असे नियम कधी ऐकलेच नव्हते, असे सांगितले. दोन-तीन माणसे वर्षानुवर्षे एका खोलीत काम करत असतील, तर नियम सवयीत मुरतात आणि यादी मागाहून होते. लेखक पाच आणि शहरे तीन असतील, तर ही चैन परवडत नाही.

पान एकदा लिहून संपत नाही. लेखक काम करताना प्रश्न विचारतात : रात्री बकुळा झोपते का? तिला तहान लागते, म्हणजे डिझेलची की पाण्याची? राजस बस कधी चाफेवाडीला येऊ शकेल का? प्रत्येक उत्तर तारखेसह पानावर चढते आणि जुनी प्रत बाद होते. दोन प्रती एकाच वेळी फिरू लागल्या, की चुका सुरू होतात. म्हणून पानाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक असतो आणि नियम बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे, बहुधा मुख्य लेखकाकडे असतो. वाहिनीकडून मध्येच सूचना आली की पुढच्या पर्वात बस उडाली तर बरे होईल, तर तिला नकार देताना दाखवायचा कागदही हाच.